आंद्रेने आरसा वापरलाच नव्हता

मागच्या महिन्यात माझ्या भाचीने मला एक फोटो पाठवला. चौकटीच्या वहीचं पान, त्यावर पेनाने आखलेली 5 बाय 3 ची जाळी, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या दोनतीन वेड्यावाकड्या वाटा आणि एक तिरपी रेघ. फोटो टेबलाच्या कडेवरून तिरका काढलेला, त्यामुळे चौकोन लांबट दिसत होते. खाली लिहिलं होतं : "मावशी, फक्त उजवीकडे आणि वर जायचं, कर्ण ओलांडायचा नाही. किती वाटा? मला 14 आल्या, मैत्रिणीला 7, आणि पुस्तकात 28 आहे. कोण बरोबर?"

गंमत अशी की तिघंही बरोबर आहेत. तिघांनी तीन वेगवेगळे प्रश्न सोडवलेत, एवढंच. ते तीन प्रश्न सुटे करता करता मला माझ्या प्रबंधाच्या कच्च्या मसुद्यातली एक चूक आठवली. ती चूक दीडशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच टिपणाशी संबंधित आहे आणि ती मी एकटीने केलेली नाही. आजचा लेख त्याबद्दल.

आधी फोटो सरळ करून घेऊ

जाळीवर मोजायला बसताना पहिली काळजी घ्यायची ती ही, की आपण रेघांच्या छेदांवरून चालतोय, चौकोनांमधून नाही. 5 बाय 3 च्या जाळीत आडव्या दिशेला 5 पावलं असतात, पण उभ्या रेघा 6. एकूण 8 पावलं, त्यातली 3 वर जाणारी. ती कुठली 3, हे ठरवलं की वाट ठरली. म्हणून कुठलंही बंधन नसताना 56 वाटा होतात.

आता कर्ण. तिरक्या फोटोमुळे घोळ झाला तो इथे. भाचीच्या मैत्रिणीने कर्ण म्हणजे अख्ख्या आयताचा कर्ण धरला, म्हणजे एका कोपऱ्यापासून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ. तिच्या खालून जाणाऱ्या वाटा खरंच 7 आहेत. पण प्रश्नातला कर्ण तो नव्हे. तो प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यांतून जाणारा, 45 अंशांचा. सुरुवातीच्या बिंदूतून निघतो आणि 3 चौकोन चढून जाळीच्या वरच्या कडेला लागतो, समोरच्या कोपऱ्याला लागतच नाही. सरळ वरून काढलेल्या फोटोत हे चटकन दिसतं, तिरक्या फोटोत दोन्ही रेघा सारख्याच वाटतात. खात्री करायची सोपी युक्ती : रेघ पहिल्याच चौकोनाच्या समोरच्या कोपऱ्यातून जाते का ते पाहायचं.

राहिले 14 आणि 28. पुस्तकात "ओलांडायचा नाही" असं म्हटलंय. ओलांडायचा नाही म्हणजे टेकायला हरकत नाही, पलीकडे जायचं नाही. तशा वाटा 28. भाचीने मात्र सुरुवातीचा बिंदू सोडून कर्णाला शिवायचंच नाही असं धरलं. तशा वाटा 14. मराठीत "ओलांडणे" आणि "शिवणे" हे दोन स्पष्ट वेगळे शब्द आहेत, तरी आपण घाईत एकाच्या जागी दुसरा वाचतो, आणि इथे उत्तर अगदी निम्मं होतं.

दोन्ही प्रश्न नात्यातले आहेत हेही पाहून घ्या. टेकायला परवानगी असलेल्या वाटेच्या सुरुवातीला उजवीकडे एक जादा पाऊल जोडलं, की ती कर्णाला न शिवणारी वाट होते, फक्त जाळी 6 बाय 3 ची होते. म्हणून एकाचं सूत्र मिळालं की दुसऱ्याचं मिळतं. यापुढे मी न शिवणाऱ्या वाटांबद्दलच बोलणार आहे, कारण इतिहास त्यांच्या बाजूने घडला.

जाळीच्या आधी मतपेटी

ज्या लोकांनी हा प्रश्न पहिल्यांदा सोडवला त्यांच्यासमोर जाळी नव्हती. 1887 साली जोसेफ बर्त्रां याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या 'काँत रांद्यू' या नियतकालिकात एक छोटंसं टिपण दिलं. बर्त्रां त्या वेळी अकादमीचा कायम सचिव होता. त्याचा प्रश्न निवडणुकीचा होता. दोन उमेदवार आहेत. मोजणी संपल्यावर पहिल्याला a मतं आणि दुसऱ्याला b मतं पडलेली आहेत, a मोठा. मतपत्रिका एकेक करून उघडल्या, तर पहिल्या मतापासून शेवटच्या मतापर्यंत जिंकणारा सतत पुढेच राहिला, असं होण्याची शक्यता किती? उत्तर विलक्षण साधं आहे :

```
(a - b) / (a + b)
```

म्हणजे मतांतला फरक भागिले एकूण मतं. 5 विरुद्ध 3 असेल तर 2 भागिले 8, म्हणजे पाव. 56 चा पाव 14. भाचीचं उत्तर.

पहिल्याचं मत म्हणजे उजवीकडे पाऊल, दुसऱ्याचं मत म्हणजे वर पाऊल असं लिहिलं, की मोजणी जाळीवरची वाट होते, आणि बरोबरी होणं म्हणजे कर्णाला शिवणं. आपल्याला हे भाषांतर इतकं सवयीचं झालंय की ते मुळातच तिथे होतं असं वाटतं. ते नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा निकाल बर्त्रांच्या नावाने ओळखला जातो, पण तो त्याच्याही आधी छापून आला होता. विल्यम ॲलन व्हिटवर्थ या इंग्रज गणितज्ञाने (हा धर्मगुरूही होता) 1878 मध्ये 'मेसेंजर ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये तो दिला होता. त्याचं नाव मागे पडलं आणि बर्त्रांचं राहिलं. नावांच्या बाबतीत या प्रश्नाचं नशीब सुरुवातीपासूनच असं आहे.

बर्त्रांची रीत तुम्ही वहीत करून पाहू शकता. कुठल्याही बिंदूवर पोचणाऱ्या वाटा म्हणजे डावीकडच्या बिंदूवर पोचणाऱ्या अधिक खालच्या बिंदूवर पोचणाऱ्या. कर्णावर सगळीकडे शून्य. तळाच्या ओळीत सगळे 1. मग बेरजा करत वर चढायचं :

```
b=3                   5   14
b=2              2    5    9
b=1         1    2    3    4
b=0    1    1    1    1    1
a =    1    2    3    4    5
```

उजव्या वरच्या कोपऱ्यात 14 आलेच. भाचीने नेमकं हेच केलं होतं, पेन्सिलीने, प्रत्येक छेदावर बारीक आकडा लिहून. बर्त्रांने बेरजेचा हा नियम सांगितला, पण उत्तर इतकं सोपं आहे तर त्याची याहून थेट सिद्धता असायला हवी, असंही त्याने तिथे लिहून ठेवलं. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकाच्या त्याच खंडात, देझिरे आंद्रेने ती दिली. शीर्षकातच त्याने 'थेट उत्तर' असं म्हटलंय.

आरशाची युक्ती, आणि माझी चूक

तुम्ही कॉलेजात संभाव्यता शिकला असाल तर आंद्रेची सिद्धता म्हणून तुम्हाला बहुतेक हे शिकवलं असेल. चांगले क्रम मोजण्याऐवजी बिघडलेले मोजा. बिघडलेला म्हणजे ज्यात कुठेतरी बरोबरी होते किंवा हरणारा पुढे जातो. जिंकणाऱ्याच्या मताला अ म्हणू, हरणाऱ्याच्या मताला ब.

ब ने सुरू होणारा प्रत्येक क्रम बिघडलेलाच. आपल्या उदाहरणात पहिलं ब काढलं की 5 अ आणि 2 ब उरतात, म्हणून असे क्रम 21. आता अ ने सुरू होऊन पुढे बिघडणारे किती? पहिल्या बरोबरीपर्यंतचा भाग घ्या आणि त्यातल्या प्रत्येक अ चा ब करा, प्रत्येक ब चा अ करा. जाळीवर याचा अर्थ तेवढ्या तुकड्याचं कर्णाच्या आरशात प्रतिबिंब घेणं. बरोबरीपर्यंत दोन्ही मतं सारखीच असल्यामुळे एकूण मोजणी बदलत नाही, फक्त क्रम आता ब ने सुरू होतो. उलट दिशेनेही हे करता येतं. म्हणजे अ ने सुरू होणारे बिघडलेले क्रमही 21. दोन्ही मिळून 42, आणि 56 मधून 42 गेले, राहिले 14.

सुंदर सिद्धता आहे, वादच नाही. माझ्या मसुद्यात मी बिनदिक्कत लिहिलं होतं, "आंद्रेची परावर्तनाची पद्धत (1887)". माझ्या मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलीने तीनच शब्द लिहिले : "मूळ पान पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. मी ते ज्या पुस्तकातून घेतलं, त्याच्या लेखकानेही बहुधा दुसऱ्या पुस्तकातून घेतलं असणार. विल्यम फेलरच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकात परावर्तनाच्या तत्त्वाशी आंद्रेचं नाव जोडलेलं आहे, आणि फेलर वाचून शिकलेल्या पिढ्यांनी ते तसंच पुढे नेलं.

त्या खंडाची स्कॅन केलेली पानं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात आहेत. आंद्रेचं टिपण जेमतेम दोन पानी. माझं फ्रेंच कामचलाऊ आहे, तरी एक गोष्ट पहिल्याच वाचनात कळते. त्यात जाळी नाही, कर्ण नाही, आरसा नाही. अक्षरांची अदलाबदलही नाही.

मग आंद्रेने केलं काय?

सुरुवात तशीच आहे : बिघडलेले क्रम मोजायचे, ते दोन गटांत वाटायचे, आणि दोन्ही गट सारखे आहेत हे दाखवायचं. आकडेही तेच येतात, 21 आणि 21. म्हणूनच दोन सिद्धता एकमेकींत मिसळून गेल्या असाव्यात. पण दुसरा गट पहिल्याइतकाच आहे हे दाखवायची आंद्रेची रीत साफ वेगळी आहे.

एक क्रम घेऊन करूया :

```
अ अ ब अ ब ब अ अ
```

मोजत जा. आघाडी 1, 2, 1, 2, 1, आणि सहाव्या मताला 0. म्हणजे सहाव्या जागेवरच्या ब ने घात केला. आंद्रे म्हणतो, तो ब काढून टाका. उरले दोन तुकडे : आधीचा "अअबअब" आणि नंतरचा "अअ". आता तुकड्यांच्या जागा बदला, नंतरचा पुढे आणा :

```
अ अ | अ अ ब अ ब
```

हा 5 अ आणि 2 ब यांचा एक साधा क्रम झाला, आणि असे एकूण क्रम 21. बस, एवढंच. प्रश्न एकच उरतो : यावरून मूळ क्रम परत मिळतो का? मधली उभी रेघ मी तुमच्यासाठी काढलीय, खऱ्या क्रमात ती नसते. तुकडा कुठे संपतो हे कसं कळणार?

शेवटाकडून मागे वाचा. ब, आघाडी उणे 1. अ, शून्य. ब, उणे 1. अ, शून्य. अ, 1. पहिल्यांदा 1 झालं तिथे थांबा. बरोब्बर "अअबअब" हाती लागला. हा योगायोग नाही. मूळ क्रमात घातकी ब येण्याआधी आघाडी सतत किमान 1 होती आणि शेवटी नेमकी 1 होती. म्हणून त्या तुकड्याच्या शेवटाकडून कितीही भाग तोडला, तरी पूर्ण तुकडा घेईपर्यंत त्यात अ ची सरशी होऊ शकत नाही. अ एकूण जास्त असल्यामुळे मागे वाचताना 1 कधीतरी येणारच. म्हणजे 21 पैकी कुठलाही क्रम घ्या, त्यातून एक आणि एकच बिघडलेला क्रम तयार होतो.

दोन रीती वेगळ्या आहेत याचा पुरावा हवा असेल तर हाच क्रम आरशातून काढून पाहा. पहिली सहा अक्षरं उलटी केली की "बबअबअअअअ" मिळतं. आंद्रेच्या क्रमाला पुढे ब जोडला तर "बअअअअबअब" होतो. एकाच क्रमाचे दोन वेगळे जोडीदार. संख्या सारखी, जोड्या वेगळ्या.

आरसा आला तो 1923 साली. 'लांसेन्यमां मातेमातिक' या नियतकालिकाच्या एकाच खंडात एब्ली आणि मिरिमानॉफ यांची दोन छोटी टिपणं लागोपाठ आली, दोन्हींच्या शीर्षकात मतमोजणीच्या प्रश्नाचा भूमितीशी संबंध जोडलेला. मतमोजणी ही जाळीवरची वाट म्हणून पाहणं आणि कर्णाच्या दोन्ही बाजूंची सममिती वापरणं तिथे दिसतं. हा सगळा धागा नीट उलगडून दाखवला तो मार्क रेनॉल्ट यांनी, 2008 मध्ये 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'तल्या लेखात. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच 'भाषांतरात हरवलं आणि सापडलं' असा खेळ आहे. मी तो लेख वाचला तो समासातल्या त्या तीन शब्दांनंतर. आधी वाचला असता तर बरं झालं असतं.

नाव चुकलं, तर गणिताचं काय बिघडलं?

असं म्हणायचा मोह होतो, की कोणाची सिद्धता हा इतिहासाचा किरकोळ तपशील आहे, उत्तर तर तेच येतं. मीही मार्गदर्शकांना जवळजवळ हेच म्हणणार होते. त्यांनी मला त्याच 1887 च्या खंडातलं आणखी एक टिपण दाखवलं, एमिल बार्बिएचं.

बार्बिएने अट कडक केली. जिंकणारा नुसता पुढे नको, त्याची मतं सतत दुसऱ्याच्या k पटीहून जास्त हवीत. शक्यता किती?

```
(a - k*b) / (a + b)
```

बार्बिएने उत्तर दिलं, सिद्धता दिली नाही. छापील सिद्धता आली 1924 मध्ये, झुरिकमध्ये एप्ली याच्या प्रबंधात.

k = 2, 5 अ आणि 2 ब घेऊ. एकूण क्रम 21. सूत्राप्रमाणे चांगले 3 हवेत, आणि ते हातानेही काढता येतात. पहिल्या ब आधी किमान 3 अ हवेत, दुसऱ्या ब आधी पाचही. म्हणून "अअअबअअब", "अअअअबअब" आणि "अअअअअबब", एवढेच.

आता इथे आरसा लावून पाहा. ब ने सुरू होणारे क्रम 6. नेहमीप्रमाणे दुप्पट करून वजा केले तर 21 उणे 12, म्हणजे 9. चूक. कारण असं की प्रत्येक अ ला 1 गुण आणि प्रत्येक ब ला उणे 2 गुण धरले, तर वाट शून्यावर न थांबता 1 वरून थेट उणे 1 वर उडी मारू शकते. "अब" ने सुरू होणारा कुठलाही क्रम पाहा. शून्यावर थांबतच नाही तर तिथपर्यंतचं प्रतिबिंब कशाचं घेणार? आणि जिथे थांबते तिथेही अ आणि ब ची अदलाबदल केली की गुण बिघडतात, कारण पावलं सारखी नाहीत. जाळीच्या भाषेत, नवी रेघ 45 अंशांची नाही, तिच्या आरशात जाळीचे बिंदू जाळीवर पडत नाहीत.

आंद्रेची कापायची आणि तुकडे फिरवायची रीत मात्र इथे जशीच्या तशी चालते. पहिला घातकी ब आपल्याला शून्यावर, उणे 1 वर किंवा उणे 2 वर नेऊ शकतो. उणे 2 म्हणजे क्रम ब नेच सुरू झाला. प्रत्येक प्रकारात तो ब काढा, तुकडे फिरवा. परत येताना शेवटाकडून वाचत अनुक्रमे 2, 1 किंवा 0 गुण पहिल्यांदा होतील तिथे थांबा (0 म्हणजे अर्थातच काही न वाचता). मागे वाचताना वर जाणारं पाऊल एकाच गुणाचं असल्यामुळे हवा तो आकडा चुकून ओलांडला जात नाही. म्हणजे तिन्ही प्रकारांत क्रम तितकेच : 6, 6 आणि 6. एकूण 18, आणि 21 उणे 18 म्हणजे 3. उत्तर बरोबर आलं. सर्वसाधारण k साठी k + 1 प्रकार होतात, आणि बार्बिएचं सूत्र तिथूनच पडतं.

एप्लीच्या प्रबंधाआधी 37 वर्षं ही रीत त्याच खंडात, बार्बिएच्या टिपणानंतर काही पानांवर छापलेली होती. पुढे तिच्यावर आरशाचं लेबल लागल्यावर ती उघडून बघायचं कारणच उरलं नाही. आंद्रेची सिद्धता म्हणजे आरसा, आणि आरसा k = 2 ला चालत नाही, हे सगळ्यांना माहीतच होतं. माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण अशाच कडक अटींच्या वाटांबद्दल आहे, आणि त्यात मी तीन पानं खर्च करून एक लांबलचक बेरीज केली होती. ती तीन पानं आता एका परिच्छेदात बसली आहेत.

शेवटी मोजणीबद्दल एक सावधगिरी. हे सूत्र सगळे क्रम सारखेच संभवनीय आहेत असं धरून चालतं, म्हणजे मतपत्रिका नीट मिसळून मग उघडलेल्या. आपल्याकडे निकालाच्या दिवशी टीव्हीवर जी आघाडी दिसते ती केंद्रांप्रमाणे, फेरीफेरीने येते, आणि एका गावाची मतं एकत्र येतात. तिथे (a - b)/(a + b) लावून "अमुक उमेदवार पहिल्या फेरीपासून पुढे राहण्याची शक्यता" काढू नका.

भाचीला मी उत्तर पाठवलं : पुस्तकाचं 28 बरोबर, कारण "ओलांडायचा नाही" असं विचारलंय. तुझं 14 बर्त्रांच्या प्रश्नाचं. मैत्रिणीचं 7 वेगळ्या रेघेचं. तिचा लगेच मेसेज आला, "पण मैत्रिणीच्या रेघेला आरसा चालेल का?" नाही चालणार, त्याच कारणासाठी. तुकडे फिरवून मात्र बघ म्हटलं. आठ अक्षरांचा कुठलाही क्रम गोल लिहायचा आणि आठ जागांपैकी कुठूनही सुरुवात करायची. नेमकी एकच सुरुवात त्या रेघेच्या खाली राहते. 56 भागिले 8, म्हणजे 7. रविवारी तिने गोल काढून फोटो पाठवला. या वेळी सरळ वरून काढलेला.